वारा सुटल्यावर की वारा सुटल्यामुळे?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, शरद ऋतूत, क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर अलेक्झांड्रियाचे एक जहाज अडकून पडले होते. जहाजात गहू होता, खलाशी होते, रोमन शिपाई होते आणि रोमला न्यायचे कैदी होते. त्या कैद्यांत पौलही होता. बहुतेक हस्तलिखितांनुसार एकूण माणसे 276. एके दिवशी दक्षिणेचा मंद वारा सुटला, नांगर उचलला गेला, आणि थोड्याच वेळात बेटावरून उलटा वारा कोसळला. चौदा रात्री समुद्रात भरकटल्यावर हे जहाज माल्टाच्या किनाऱ्याला लागून फुटले. माणसे मात्र सगळी वाचली.

ही हकीकत नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात आहे. परंपरेने ते पुस्तक लूकच्या नावावर आहे. प्राचीन समुद्रप्रवासाच्या अभ्यासकांना हा अध्याय महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात वारे, बंदरे, नांगर, दोर आणि पाण्याची खोली यांचे नेमके तपशील आहेत. ग्रीक शिकणाऱ्यांना तो आणखी एका गोष्टीसाठी लक्षात राहतो. वारा, बंदर, जहाज, वादळ यांच्याविषयीची माहिती लूक जागोजागी एका विशिष्ट रचनेत देतो. इंग्रजी व्याकरणात तिला ‘जेनिटिव्ह अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणतात. मराठीत ‘निरपेक्ष षष्ठी’ म्हणता येईल.

नाव जड असले तरी गोष्ट तशी सोपी आहे. दक्षिण वारा सुटला हे सांगायला लूकने तीनच शब्द वापरले आहेत: ‘हुपोप्नेउसान्तोस दे नोतू’. ‘नोतोस’ म्हणजे दक्षिण वारा; त्याची षष्ठी ‘नोतू’, म्हणजे ‘दक्षिण वाऱ्याचा’. पहिला लांब शब्द ‘हळूच वाहू लागणे’ या क्रियापदाचे कृदन्त आहे आणि तेही षष्ठीतच आहे. मधला ‘दे’ म्हणजे ‘मग’ किंवा ‘तेव्हा’ असा हलका सांधा. शब्दाला शब्द ठेवला तर ‘मग, हळूच सुटलेल्या दक्षिण वाऱ्याच्या’ असे काहीतरी होते. मराठी वाचक लगेच विचारेल, वाऱ्याच्या काय? पुढच्या वाक्यात त्याचे उत्तर नाही. ही षष्ठी कुणाची मालकी सांगत नाही आणि पुढच्या कुठल्याच शब्दाला बांधलेली नाही. नाम आणि कृदन्त दोघे मिळून एक छोटी घटना सांगतात आणि मुख्य वाक्याच्या उंबऱ्याशी उभे राहतात. निरपेक्ष म्हणायचे ते एवढ्यासाठी.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना इथे सति सप्तमी आठवेल. ‘सूर्ये अस्तं गते’ म्हणजे ‘सूर्य मावळल्यावर’. रचना तीच, विभक्ती वेगळी. संस्कृत हे काम सप्तमीला देते आणि लॅटिन पंचमीसारख्या विभक्तीला. ग्रीकमध्ये सप्तमी आणि पंचमी स्वतंत्र उरल्याच नव्हत्या. सप्तमीची कामे चतुर्थीसारख्या विभक्तीने उचलली आणि पंचमीची षष्ठीने. ग्रीकमध्ये ही रचना षष्ठीत दिसते. संस्कृतातही हा प्रयोग षष्ठीत होतो, पण एका खास अर्थाने. पाणिनीने अष्टाध्यायीत 2.3.37 या सूत्रात सति सप्तमी सांगितली आणि लगेच 2.3.38 मध्ये अनादराची षष्ठी. कुणी रडत असताना, त्याला न जुमानता दुसरा निघून गेला, असा अर्थ असेल तर रडणाऱ्याची षष्ठी होऊ शकते. ग्रीक षष्ठीत असा अनादर गृहीत नसतो. ती फक्त परिस्थिती मांडते.

परिस्थिती म्हणजे काय, हा प्रश्न मात्र ती उघडा ठेवते. ‘दक्षिण वारा सुटला’ आणि ‘ते निघाले’ यांचा संबंध काळाचा की कारणाचा, हे सांगणारा शब्द ग्रीकमध्ये नाही. मराठीत कृदन्ताला काही ना काही जोडल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. ‘सुटल्यावर’ म्हटले की काळ, ‘सुटल्यामुळे’ म्हटले की कारण, ‘सुटूनही’ म्हटले की विरोध. भाषांतरकाराला इथे निवड करावीच लागते.

त्याआधी एक पायरी आहे आणि बहुतेक चुका तिथेच होतात. निरपेक्ष षष्ठीचा पहिला नियम असा की तिच्यातला कर्ता आणि मुख्य वाक्याचा कर्ता वेगवेगळे असतात. कर्ता एकच असेल तर ग्रीक माणूस कृदन्त प्रथमेत ठेवतो. नवल असे की मराठीतही जवळजवळ हीच सीमारेषा आहे, फक्त ती विभक्तीने न आखता प्रत्ययाने आखली आहे. ‘घरी येऊन तो जेवला’ यात येणारा आणि जेवणारा एकच. कर्ते दोन झाले की ‘ऊन’ चालत नाही. ‘तो घरी येऊन आई जेवली’ असे कुणी म्हणणार नाही. ‘तो घरी आल्यावर आई जेवली’ असेच म्हणेल. म्हणजे ग्रीकच्या प्रथमेतल्या कृदन्ताला मराठीचे ‘ऊन’ आणि निरपेक्ष षष्ठीला ‘ल्यावर’, ‘ताना’, ‘असता’. मराठी भाषकाला ही जोडी लहानपणापासून येते. इंग्रजीमार्गे ग्रीक शिकताना ती झाकली जाते, हे दुर्दैव.

लूकचे दक्षिण वाऱ्याचे वाक्य पूर्ण पाहिले की हे डोळ्यांसमोर येते. आरंभी वारा षष्ठीत. त्यानंतर दोन कृदन्ते प्रथमेत: एक ‘वाटणे, समजणे’ या क्रियेचे, दुसरे ‘उचलणे’ या क्रियेचे. शेवटी मुख्य क्रियापद, ‘ते काठाने जात होते’. मराठीत त्याच क्रमाने असे उतरते: दक्षिणेचा मंद वारा सुटल्यावर, आपला बेत साधला असे समजून, नांगर उचलून ते क्रीटच्या अगदी काठाकाठाने जाऊ लागले. वारा सुटला तो वेगळा कर्ता, म्हणून ‘ल्यावर’. समजणारे, उचलणारे आणि जाणारे एकच, म्हणून दोनदा ‘ऊन’. ग्रीक आणि मराठी वाक्य एकावर एक ठेवले तर सांधे जुळतात. इंग्रजीत हेच सांगताना पुष्कळदा वेगळी उपवाक्ये केली जातात किंवा वाक्य तोडले जाते.

आता ‘सुटल्यावर’ की ‘सुटल्यामुळे’? खलाशी निघाले ते वाऱ्याचीच वाट पाहत होते, तेव्हा कारण उघड आहे. तरी इथे ‘सुटल्यावर’च योग्य. मराठीतले ‘ल्यावर’ काळ सांगते आणि कारणाला वाव ठेवते. ‘पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो’ म्हटले की ऐकणाऱ्याला कारणही कळते. ‘ल्यामुळे’ मात्र काळाला बाजूला सारून फक्त कारणावर बोट ठेवते. शिवाय लूक पुढे लगेच ‘बेत साधला असे समजून’ हे खरे कारण देतोच. दोन कारणे शेजारीशेजारी ठेवली की वाक्य वकिली युक्तिवादासारखे वाटू लागते.

त्याच अध्यायात थोडे आधी याच्या उलट उदाहरण आहे. जहाज ज्या बंदरात थांबले होते त्याचे नाव ‘कालोई लिमेनेस’, म्हणजे ‘चांगली बंदरे’. मात्र हिवाळा काढायला ते सोयीचे नव्हते. हे सांगताना लूक पुन्हा षष्ठी वापरतो, आणि कृदन्त आहे ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे, वर्तमानातले. मुख्य वाक्यात बहुतेकांनी तिथून निघायचे ठरवले. इथे ‘बंदर गैरसोयीचे असताना बहुतेकांनी निघायचे ठरवले’ असे लिहिले तर मराठी वाचक गोंधळेल. ‘असताना’ने निर्णय आणि बंदर यांचा संबंध सैल होतो, विरोधाचाही वास येतो. इथे ‘ते बंदर हिवाळा काढायला सोयीचे नसल्यामुळे’ हेच हवे. ठरवणे, मत देणे, नाकारणे अशी क्रिया मुख्य वाक्यात असली आणि षष्ठीत एखादी टिकून राहिलेली स्थिती असली की कारणाचे पारडे जड होते. षष्ठीत एखादी घडून गेलेली घटना असली, ग्रीकमध्ये ज्याला ऑरिस्ट म्हणतात ते कृदन्त असले, तर बहुधा काळाचे पारडे जड. हा अंदाज आहे, कायदा नाही. वाऱ्याच्या वाक्यात घटना होती आणि कारणही होते, हे वर दिसलेच.

या दोहोंच्या मधली जागा नवव्या वचनात आहे, आणि त्या एकाच वाक्यात दोन निरपेक्ष षष्ठ्या ‘आणि’ने जोडलेल्या आहेत. पहिली सांगते की बराच काळ निघून गेला. दुसरी सांगते की आता समुद्रप्रवास धोक्याचा झाला होता, आणि लूक त्याचे कारणही देतो: यहुद्यांच्या उपासाचा दिवसही होऊन गेला होता. हा उपास म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरात येतो. रोमन लेखक वेजेशियसने भूमध्य समुद्राचे जे वेळापत्रक दिले आहे, त्यात सप्टेंबरच्या मध्यापासून प्रवास जोखमीचा आणि 11 नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत समुद्र बंद. म्हणजे काळ लोटला ही घटना, आणि धोका वाढला ही त्यातून आलेली स्थिती. त्यानंतर पौलाने सर्वांना सावध केले. पहिली षष्ठी काळाची, दुसरी कारणाची. ग्रीकला दोघींना एकाच दोरीत ओवायला अडचण नाही. मराठीत ‘बराच काळ गेल्यावर आणि प्रवास धोक्याचा झाल्यामुळे’ हे व्याकरणाने बरोबर असले तरी जिभेला अडखळते. ‘बराच काळ लोटला होता आणि आता समुद्रप्रवास धोक्याचा झाला होता, म्हणून पौलाने त्यांना बजावले’ असे केले की दोन्ही षष्ठ्या पूर्ण वाक्यांत उघडतात आणि ‘म्हणून’ एकच पुरतो.

निरपेक्ष षष्ठीचे भाषांतर उपवाक्यातच झाले पाहिजे असा हट्ट नको, हे इथे दिसते. पुढे वादळाच्या भरात ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. कित्येक दिवस सूर्य दिसत नाही, तारे दिसत नाहीत, आणि वादळ माथ्यावर बसलेले. त्या काळी सूर्यताऱ्यांवाचून दिशा कळायचा मार्ग नव्हता. म्हणून मुख्य वाक्यात वाचण्याची सारी आशा मावळत जाते. लूकने ही दोन्ही परिस्थितिवाक्ये षष्ठीत ठेवली आहेत. ‘सूर्य व तारे कित्येक दिवस न दिसल्यामुळे व मोठे वादळ कोसळत असल्यामुळे’ हे सरकारी अहवालाचे मराठी झाले. मराठीकडे इथे एक सुंदर क्रियारूप आहे: ‘दिसेना’. कित्येक दिवस सूर्य दिसेना, तारे दिसेनात, वादळाचा जोर काही ओसरेना. तेव्हा आपण वाचू ही आशा हळूहळू सुटत गेली. ‘दिसेना’त केलेली धडपड आणि न झालेले काम दोन्ही असते. कारण वेगळे सांगावे लागत नाही.

‘ऊन’ची एक पळवाट मात्र सांगायला हवी, नाहीतर वरचा नियम खोटा ठरेल. ‘भिंत पडून दोघे जखमी झाले’, ‘पाऊस पडून नदीला पूर आला’ ही अस्सल मराठी वाक्ये आहेत आणि त्यांत कर्ते वेगळे आहेत. मग ‘तो घरी येऊन आई जेवली’ का चालत नाही? पहिल्या दोन वाक्यांत ‘ऊन’ची घटना आपसूक घडणारी आहे आणि पुढची गोष्ट तिचा थेट परिणाम आहे. कुणी जाणूनबुजून काही करत नाही. जेवणारी आई मात्र स्वतःहून जेवते. म्हणून निरपेक्ष षष्ठीसाठी ‘ऊन’ वापरता येते, पण फार थोड्या ठिकाणी. माल्टाच्या किनाऱ्यावर आपटून जहाज फुटले, इथवर ठीक. वादळातल्या एका वाक्यात मात्र हा मोह घात करतो. लूक म्हणतो की ‘आम्ही’ वादळाने झोडपले जात होतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘ते’ माल समुद्रात टाकू लागले. ‘आम्ही’ षष्ठीत आहे, ‘ते’ मुख्य क्रियापदात. घाईने ‘वादळात सापडून त्यांनी माल टाकायला सुरुवात केली’ असे लिहिले की ‘आम्ही’ जहाजावरून नाहीसे होतो. सांगणारा स्वतः त्या जहाजावर होता, ही या हकीकतीची सर्वांत मोलाची खूण. ती एका प्रत्ययाने पुसली जाते. ‘वादळ आम्हाला जोराने झोडपत होते, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते माल टाकू लागले’ असे लिहिले तर दोघेही जागेवर राहतात.

निरपेक्ष षष्ठी ओळखतानाही सावध राहावे लागते. षष्ठीतले नाम आणि षष्ठीतले कृदन्त शेजारी दिसले म्हणजे झाले, असे नाही. ग्रीकमध्ये ‘ऐकणे’ हे क्रियापद बोलणाऱ्याची षष्ठी घेते. ‘त्याला बोलताना त्यांनी ऐकले’ या अर्थाच्या वाक्यात ‘त्याला बोलताना’ हे दोन्ही शब्द षष्ठीत येतात. ही षष्ठी ‘ऐकले’ला बांधलेली आहे, निरपेक्ष नाही. तिचे भाषांतर ‘तो बोलत असताना त्यांनी ऐकले’ असे केले तर काय ऐकले, हा प्रश्न लोंबकळतो. साधी कसोटी अशी की षष्ठीचा तुकडा बोटाने झाकायचा आणि उरलेले वाक्य वाचायचे. क्रियापद उपाशी राहिले नाही आणि मालकी सांगायला एखादे नाम वाट पाहत नसले, तर तो तुकडा निरपेक्ष.

कर्ते वेगळे असण्याचा नियमही नव्या करारात अधूनमधून मोडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरियेची योसेफाशी सोयरीक झाली हे षष्ठीत सांगितले आहे, आणि मुख्य वाक्यात गरोदर आढळते तीही मरियाच. तिथे षष्ठी पाहून कुणी दुसरा कर्ता शोधू लागला तर चुकेल. त्याच कथेत पुढे मागी लोक गेल्यावर आणि हेरोद मेल्यावर योसेफाला स्वप्नात देवदूत दिसतो. दोन्ही ठिकाणी आधी षष्ठी, मग ‘पाहा’ अर्थाचा शब्द आणि मग देवदूत, हा मत्तयाच्या कथनाचा ठरलेला साचा आहे. तिथे ‘ल्यावर’ जसेच्या तसे बसते आणि त्याच्याशी खेळण्याची गरज नाही.

मराठीत हे काम मूळ भाषांवरून करणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. 1922मध्ये त्या गेल्या आणि 1924मध्ये ते प्रसिद्ध झाले. साध्या बायकांना कळेल असे मराठी त्यांना हवे होते. संस्कृत मुखोद्गत असलेल्या विदुषीला सति सप्तमी नवी नव्हती, आणि सति सप्तमी जाणणाऱ्याचा हात ‘असता’कडे सहज वळतो. ‘तो बोलत असता’, ‘ते जात असता’ ही जुन्या मराठी गद्याची आवडती रचना. आजच्या कानाला ती पोथीतली वाटते. एखाद्या ठिकाणी शोभते; पानभर आली तर वाचणारा प्रत्येक ‘असता’शी थबकतो. ‘ताना’, ‘ल्यावर’, ‘तेव्हा’ आणि मधूनच एक पूर्ण वाक्य असे आलटून पालटून आले तर गोष्ट चालती राहते.

आजच्या ग्रीक भाषेने ही रचना रोजच्या वापरातून टाकून दिली आहे. काही ठरलेले शब्दप्रयोग तेवढे उरले आहेत. ‘हवामान अनुकूल असेल तर’ हे सांगायला आजचा ग्रीक माणूस अजूनही षष्ठीतले दोन शब्द वापरतो. त्यात संबंध अटीचा आहे, म्हणजे काळ आणि कारण यांच्या पलीकडचा. तेव्हा हे दोनच अर्थ असतात असेही मानू नये.

योहानाच्या विसाव्या अध्यायातली एक जागा या दृष्टीने सर्वांत अवघड. शिष्य आत जमले आहेत, दारे बंद आहेत, आणि येशू येऊन मध्ये उभा राहतो. दारे बंद असणे षष्ठीत आहे. इंग्रजीत काहींनी ते ‘जरी… तरी’ असे उतरवले आहे. मराठीत ‘दारे बंद असूनही’ लिहिता येईल. मग चमत्कारावर ठळक रेघ ओढली जाते. ‘दारे बंद असताना’ लिहिले तर काळही राहतो आणि विरोधाची छटाही, कारण मराठीतले ‘असताना’ दोन्ही पेलते: ‘आई नको म्हणत असताना तो गेला’. योहानाने ‘जरी’ लिहिलेले नाही. म्हणून तिथे ‘दारे बंद असताना’ हेच ठेवावे.